सांगायची किंमत आणि यायची किंमत

चांदूर बाजारला आमची ताई राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तिथल्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि आता निवृत्त होऊन गावाबाहेरची दीड एकर संत्र्याची बाग सांभाळतात. मुले शिकायला अमरावतीला आली, तेव्हा त्यांनी कठोरा नाक्याच्या बाजूला दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचा एक फ्लॅट घेतला. मुले शिकली, पुण्याला गेली, आणि फ्लॅटला कुलूप लागले. पुढे थोरल्या मुलीने पुण्यात घर घ्यायचे ठरवले. तिच्या पहिल्या हप्त्याला हातभार लावायचा म्हणून भाऊजींनी तो फ्लॅट विकायला काढला आणि किंमत सांगितली चाळीस लाख.

आठ महिने झाले. सुरुवातीला पंधरा-वीस माणसे पाहून गेली. "घर छान आहे हो" असे म्हणून चहा घेऊन गेली ती गेलीच. पुढे पुढे फोनही येईनासे झाले. पुण्याच्या बिल्डरने दिलेली मुदत जवळ आली, तेव्हा ताईने मला फोन केला, "दादा, तू बँकेत इतकी वर्षं घरांचीच कर्जं पाहिलीस ना? मंग यांना जरा समजावून सांग नं."

मी बँकेच्या कर्जविभागात बावीस वर्षे होतो आणि मूल्यांकन करणाऱ्यांचे शेकडो अहवाल माझ्या टेबलावरून गेले आहेत. रविवारी चांदूर बाजारला गेलो. जेवण झाल्यावर ओसरीत बसून पहिला प्रश्न विचारला, "भाऊजी, हे चाळीस आले कुठून?"

"अरे, मागच्या गल्लीत बेचाळीसला गेला एक. माणसानं सांगितलं मला. अन् आपण काही कमी नाही सांगायचं. बागेचा सौदा करताना व्यापारी निम्म्यानं मागतोच. म्हणून दीडपट सांगावं लागतं."

भाऊजींचा हिशेब त्यांच्या अनुभवाला धरूनच होता. संत्र्याच्या बागेत व्यापारी येतो, झाडांवरून नजर फिरवतो आणि बहाराची उक्ती किंमत बोलतो. शेजारची बाग कितीला गेली हे कोणी कुठे लिहून ठेवत नाही. जे कळते ते तोंडोतोंडी, आणि त्यात दोन्ही बाजूंनी मीठमसाला असतो. अशा बाजारात दीडपट सांगणे क्षम्य आहे. फ्लॅटचे मात्र तसे नाही. फ्लॅटचा प्रत्येक सौदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदला जातो. त्यात रक्कम लिहिलेली असते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. गिऱ्हाईक ती पाहून आलेले असते. पाहून आले नसेल तर त्याची बँक पाहते. विकणाऱ्यानेच ती पाहिलेली नसते, अशी ही गंमत आहे.

या नोंदीला 'सूची क्रमांक दोन' म्हणतात. बोलण्यात 'इंडेक्स टू'. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' नावाची सोय आहे. तिथे वर्ष, जिल्हा, गाव किंवा मौजा आणि मिळकतीचा सर्व्हे नंबर अथवा प्लॉट नंबर घातला की त्या जागेचे नोंदलेले दस्त दिसतात. एका वेळी एकच वर्ष शोधता येते, म्हणून चालू आणि मागचे अशी दोन वर्षे निरनिराळी शोधावी. आपल्या इमारतीचा नंबर आपल्याच खरेदीखतावर असतो, शेजारच्या इमारतींचे नंबर तेथल्या रहिवाशांकडून मिळतात. मी भाऊजींच्या नातवाला बसवले आणि तासाभरात आमच्या फ्लॅटपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतले, गेल्या दीड वर्षातले सात दस्त निघाले. (पुढचे आकडे हिशेब डोक्यात राहावा म्हणून मी सरळ केले आहेत. ते उदाहरण समजा, त्या वस्तीचा भाव नव्हे.)

सात दस्त हाती आले म्हणजे सात भाव हाती आले असे नाही. येथेच लोक फसतात.

पहिला दस्त तोच, भाऊजींचा लाडका बेचाळीस लाखांचा. तो होता नव्या इमारतीतला, बिल्डरने विकलेला, आपल्यापेक्षा दहा चौरस मीटर मोठा, लिफ्ट आणि झाकलेले पार्किंग असलेला. चौदा वर्षांच्या जुन्या फ्लॅटला त्याची बरोबरी लावता येत नाही. दुसरा दस्त अठरा लाखांचा. देणारा आणि घेणारा एकाच आडनावाचे, पत्ताही एकच. भावाभावांतला व्यवहार तो, त्यात बाजारभाव शोधण्यात अर्थ नाही. तिसरा फसवा होता. खरेदीखत चार महिन्यांपूर्वीचे, म्हणून ताजा वाटला, पण त्यातल्या मजकुरात पाच वर्षांपूर्वीच्या नोंदलेल्या करारनाम्याचा उल्लेख होता. भाव त्या वेळी ठरलेला आणि कागद आता झालेला. असे दस्त सरसकट आढळतात, म्हणून तारखेबरोबर मजकूरही वाचावा लागतो.

चौथ्या दस्ताबद्दल दोन शब्द अधिक सांगतो. सूचीत दोन रकमा शेजारी-शेजारी असतात. एक 'मोबदला', म्हणजे दोघांत ठरलेली किंमत, आणि दुसरी 'बाजारभाव', म्हणजे सरकारने आपल्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून काढलेली किंमत. मुद्रांक शुल्क यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. चौथ्या दस्तात मोबदला सरकारी रकमेपेक्षा जेमतेम काही शे रुपयांनी वर होता. दोन परक्या माणसांत घासाघीस होऊन ठरलेली किंमत नेमकी सरकारी तक्त्यावर येऊन थांबावी, हे क्वचितच घडते. बहुधा वरची रक्कम कागदावर आलेली नाही. तो भाव खराही नाही आणि आपल्या कामाचाही नाही. (स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर तितकाच दंड होऊ शकतो, हे भाऊजींना मी तिथेच सांगून टाकले.) हा सरकारी दर म्हणजेच बाजाराचा दर असेही समजू नये. २०२२ नंतर तीन वर्षे तो हललाच नव्हता, १ एप्रिल २०२५ ला बदलला. त्या काळात बाजार थोडाच थांबला होता?

उरले तीन दस्त. आता क्षेत्रफळाचा घोळ. भाऊजी म्हणत, "आपला साडेनऊशे फुटांचा." ते साडेनऊशे म्हणजे विकताना बिल्डरने जिना, गच्ची, भिंती सगळे वाटून लावलेले 'सुपर बिल्टअप'. सूचीत क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, आणि कुठे 'कार्पेट' तर कुठे 'बिल्टअप' असे लिहिलेले असते. मी फीत घेऊन फ्लॅट मोजला. आतल्या भिंती धरून, बाल्कनी सोडून, साठ चौरस मीटर भरला. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. रेरा कायदा राज्यात १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यातली कार्पेटची व्याख्या हीच आहे, म्हणून तीच सर्वांना लावली. साडेनऊशेने भाव काढला आणि समोरच्याचा कार्पेटने काढला, तर एकाच घराच्या दोन किमती निघतात आणि मग भांडण फुटांवरून होते.

तिन्ही घरे आम्ही बाहेरून पाहून आलो, शेजाऱ्यांशी बोललो. सूची क्षेत्र सांगते, रक्कम सांगते. ओल येते का, पाणी किती वेळ, हे ती सांगत नाही.

पहिले घर आमच्याच इमारतीतले, पहिल्या मजल्यावरचे, तेवढेच साठ चौरस मीटर. चौदा महिन्यांपूर्वी साडेएकोणतीस लाखांना गेलेले. दुसरे शेजारच्या इमारतीतले, तिसऱ्या मजल्यावर पण लिफ्ट असलेले, झाकलेले पार्किंग असलेले. क्षेत्र चौसष्ट मीटर, सहा महिन्यांपूर्वी ३५ लाख २० हजार, म्हणजे मीटरला ५५ हजार. तिसरे रस्त्यापलीकडचे, आमच्यापेक्षा तीन वर्षांनी जुने, बिनलिफ्टच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्याचे. छप्पन्न मीटर, चार महिन्यांपूर्वी २५ लाख २० हजार, म्हणजे मीटरला ४५ हजार.

आता फेरफार. नियम एकच, आणि तो उलटा लावण्याची चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून होते: विकले गेलेले घर आपल्यापेक्षा चांगले असेल तर त्याच्या किमतीतून वजा करायचे, उणे असेल तर त्याच्या किमतीत मिळवायचे. आपल्या घराची किंमत अजून ठाऊक नाही, मग तिच्यात काय मिळवणार? विकलेल्या घराला ओढत ओढत आपल्या घरासारखे करायचे.

आमच्या इमारतीतले घर चौदा महिन्यांपूर्वी गेले. त्या अवधीत भाव थोडा चढला, त्याचे एक लाख मिळवले. पण ते पहिल्या मजल्यावर आणि आमचे दुसऱ्या, लिफ्ट नाही, त्याचे पाऊण लाख वजा. झाले पावणेतीस लाख. दुसऱ्याचा मीटरचा ५५ हजार दर आमच्या साठ मीटरला लावला तर ३३ लाख. त्यातून लिफ्टचे दोन आणि पार्किंगचे एक लाख वजा, राहिले ३० लाख. तिसऱ्याचे ४५ हजारांप्रमाणे २७ लाख. त्यात वरच्या मजल्याचे दीड लाख मिळवले. हा आकडा पुण्यामुंबईला जास्त वाटेल, पण वऱ्हाडातल्या मे महिन्यात ज्याने स्लॅबखाली दुपार काढली आहे त्याला नाही वाटणार. जुनेपणाचे आणखी पन्नास हजार मिळवले. झाले २९ लाख.

"हे दोन लाख, दीड लाख तू कशावरून काढलेस?" भाऊजींनी मास्तरी प्रश्न टाकला. बरोबर विचारले. हे आकडे कोणत्याही तक्त्यात नसतात. मी त्या भागातल्या दोन दलालांना निरनिराळे भेटलो आणि एकच प्रश्न केला: हेच घर लिफ्टच्या इमारतीत असते तर गिऱ्हाईक किती जास्त देईल? दोघांच्या उत्तरांत थोडा फरक, मी मधले घेतले. पण खरी तपासणी पुढेच आहे. फेरफारापूर्वी हीच तीन घरे आमच्या क्षेत्राला लावली तर २७ लाखांपासून ३३ लाखांपर्यंत पसरली होती. फेरफारानंतर ती २९ ते ३० मध्ये आली. ती जवळ आली याचा अर्थ आमचे अंदाज फार चुकलेले नाहीत. पांगलेलीच राहिली असती, तर कुठे तरी एखादे घर तुलनेला नालायक होते किंवा आम्ही काही तरी पाहायचे विसरलो, असे समजावे लागले असते. जमिनीचा प्रकार हा असाच विसरला जाणारा मुद्दा. आमच्या भागात काही इमारती नझूलच्या भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत. तिथला भाव मालकी हक्काच्या इमारतीला लावता येत नाही.

तिघांत ज्याला सर्वांत कमी कापावे-जोडावे लागले, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवायचा. ते आमच्याच इमारतीतले. म्हणून येणारी किंमत मी साडेएकोणतीस ते पावणेतीस लाख धरली.

ओसरीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ताई म्हणाली, "अन् स्वयंपाकघराला केलेले दोन लाख? गणेशनं अन् माईनं तिथं बसून बारावी केली रे." त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. ट्रॉल्यांचा खर्च आपल्या हौसेचा असतो. नवी सून त्या काढून आपल्या पसंतीच्या बसवते. आणि बारावीचा हिशेब तर कोणत्याच सूचीत नसतो. ताईलाही ते ठाऊक होते.

येणारी किंमत कळली, आता सांगायची कोणती? भाऊजी चाळीसवरून उतरून चौतीसवर आले होते. "जागा तर ठेवलीच पाहिजे ना घासाघिशीला!" जागा हवीच. आपल्याकडे किंमत सांगून एक रुपयाही कमी केला नाही तर घेणाऱ्याला अपमान वाटतो, आणि घरी जाऊन "एवढे कमी करून आणले" हे सांगण्याचे सुख त्यालाही हवे असते. पण ती जागा किती असावी हे घेणाऱ्याच्या खिशावरून ठरते, आणि त्याचा खिसा बहुतेक वेळा बँकेच्या हातात असतो.

ही गोष्ट मी बावीस वर्षे टेबलापलीकडून पाहिली. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देता येतात. बँक स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते, आणि करारातली रक्कम व त्याचे मूल्यांकन यांत जी कमी, तीच साधारणतः धरते. आमच्या घराचे मूल्यांकन समजा साडेएकोणतीस लाख झाले. त्याचे नव्वद टक्के २६ लाख ५५ हजार. सौदा २९ लाख ६० हजारांना झाला तर घेणाऱ्याने स्वतःचे ३ लाख ५ हजार घालायचे, वर मुद्रांक आणि नोंदणीचे मिळून सुमारे दोन लाख. पाच लाखांत सुटका. तोच सौदा तेहतीसला केला तर कर्ज एक पैशाने वाढत नाही. वरचे सारे त्याच्या खिशातून जाते, म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास आणि मुद्रांक निराळे. नोकरीला लागून पाच-सहा वर्षे झालेल्या जोडप्याकडे पाच लाख असतात, नऊ लाख नसतात. ते घर आवडूनही परत येत नाही आणि का येत नाही हे सांगतही नाही. भाऊजींच्या चहाचे काय झाले ते हे.

म्हणून सांगायची किंमत ३१ लाख ठेवली. येणाऱ्या किमतीच्या वर चार-पाच टक्के. तीसच्या आत शोधणारा माणूसही "एखादा लाख उतरेल" म्हणून पाहायला येईल इतकी जवळ, आणि आम्हाला तीन-चार पावले मागे सरता येईल इतकी दूर.

तिसरा आकडा होता खालचा, ज्याखाली उतरायचे नाही. तो बैठकीत बसून ठरवू नये, आधीच कागदावर लिहावा. त्याला मी थांबण्याचा खर्च लावला. साडेएकोणतीस लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिना सुमारे सोळा हजार मिळतात. त्यात इमारतीची वर्गणी आणि घरपट्टी धरली तर बंद घर महिन्याला सतरा हजार खाते. म्हणजे तीन महिने थांबून पन्नास हजार जास्त मिळाले तर हाती काहीच जास्त आले नाही. त्या हिशेबाने २९ लाख ही शेवटची रेघ ठरली. गेलेल्या आठ महिन्यांचे सव्वा लाखाच्या वर कसे गेले, तो हिशेबही त्याच कागदावर झाला, पण तो मी मोठ्याने वाचला नाही.

एक खबरदारी सांगून ठेवतो. सौद्याची रक्कम सरकारी बाजारभावाच्या खाली जात असेल तर फरक दहा टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे. त्यापलीकडे गेला तर प्राप्तिकर खाते विकणाऱ्याला सरकारी रकमेवर नफा मोजायला लावते, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात तो फरक धरते. आमचा सरकारी आकडा सत्तावीसच्या आसपास होता, म्हणून तो प्रश्न आला नाही.

जुन्या जाहिराती काढून टाकल्या, पंधरा दिवस जाऊ दिले, आणि नवे फोटो घेऊन ३१ लाख लिहिले. आठ महिने चाळीसला पडून राहिलेले घर एकदम उतरले की "यात काही तरी खोट आहे" अशी शंका येते, म्हणून मध्ये ते थोडे विसरले जाऊ दिले. तीन आठवड्यांत नऊ माणसे आली. मी भाऊजींना म्हटले होते, दहा-बारा माणसे पाहून गेली आणि एकानेही रक्कम बोलली नाही तर आपली किंमत अजून वर आहे. पहिल्याच दिवशी कोणी न बोलता ३१ देऊ केले तर आपण कमी सांगितली. दोन्ही झाले नाही. तिघांनी रक्कम बोलली, ही चांगली खूण.

त्यांतला एक अभियांत्रिकी महाविद्यालयातला प्राध्यापक, बायको परिचारिका. त्याने साडेसत्तावीस सांगितले. भाऊजींचा चेहरा पडला, पण मी आधीच सांगून ठेवले होते की पहिला आकडा हा नुसता नमस्कार असतो. भाऊजी ३० लाख ४० हजारांवर आले. तो पावणे एकोणतीसवर. भाऊजी तीसवर, मग पावणेतीसवर. साठ हजार, चाळीस हजार, पंचवीस हजार, अशी पावले लहान होत गेली, त्यावरून समोरच्याला तळ जवळ आल्याचे कळते. एकदम दोन लाख सोडले असते तर त्याला वाटले असते, खाली अजून पुष्कळ आहे. तो सव्वा एकोणतीसवर अडला. तेव्हा ताई आतून म्हणाली, "पंखे, गिझर अन् ते मोठं कपाट ठेवते मी. पुण्याला कोण नेणार?" नवे घ्यायला त्याला पन्नास हजारांच्या वर पडले असते, ताईला नेण्याचाच त्रास. २९ लाख ६० हजारांवर बोलणे थांबले.

दस्त नोंदला गेला, बँकेचा धनादेश जमा झाला, आणि मुलीच्या पुण्याच्या घराचा हप्ता मुदतीच्या चार दिवस आधी गेला. त्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या काकांचा मागच्या महिन्यात भाऊजींना फोन आला. त्यांनाही विकायचे आहे. "मास्तर, खरं सांगा, किती झाले? लोक पस्तीस म्हणतात."

"सूची काढा नं काका," भाऊजी म्हणाले, "आता माझंही नाव आहे त्यात. अन् तुमचा तळमजला आहे. जिना चढायचा नाही, तेवढे मिळवा. पण पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, तेवढे वजा करा."